रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलंय, मग ताप परत का येतो?

*“अण्णांना (वय ७४) पक्षाघातानंतर लघवीची नळी आहे, दीड महिना झाला. दोनदा थंडी वाजून ताप आला. दोन्ही वेळा कल्चरमध्ये क्लेबसिएला, आणि अमिकासिन ‘सेन्सिटिव्ह’. पाच दिवस इंजेक्शनं घेतली की ताप जातो आणि आठ-दहा दिवसांत परत येतो. औषध लागू पडतं असं रिपोर्टच सांगतो, तर जंतू मरत का नाहीत? लॅब बदलू की औषध? — तासगाव तालुका, जि. सांगली”*

लॅब बदलू नका, औषधही एवढ्यात बदलू नका. आधी नळी बदलायला सांगा.

मी मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते आणि असे कल्चर रिपोर्ट रोज माझ्या सहीने बाहेर पडतात, तेव्हा त्या ‘सेन्सिटिव्ह’ शब्दाची जबाबदारी थोडी माझ्याही धंद्यावर येते. तो शब्द खोटा नसतो. फक्त तो ज्या जंतूंबद्दल बोलतो ते जंतू आणि अण्णांच्या नळीला चिकटलेले जंतू एकाच जातीचे असूनही वागायला अगदी वेगळे असतात.

रिपोर्ट कसा तयार होतो ते आधी बघा. लघवीचा थेंब आम्ही खाद्य घातलेल्या प्लेटवर पसरतो. दुसऱ्या दिवशी वाढलेल्या वसाहतींपैकी एक-दोन उचलून सलाईनमध्ये मिसळतो, ते पाणी ठरलेल्या मापाइतकं गढूळ झालं की नव्या प्लेटवर एकसारखं लावतो आणि त्यावर औषधाच्या छोट्या गोल चकत्या ठेवतो. रात्रभर ३५ अंशांच्या आसपास ठेवलं की चकतीभोवती जिथे जंतू वाढू शकला नाही तिथे स्वच्छ गोल दिसतो. तो गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडून बघायचा आणि ‘सेन्सिटिव्ह’ किंवा ‘रेझिस्टंट’ लिहायचं. यंत्रावर केलं तरी प्रश्न तोच असतो: भरपूर खाद्य, भरपूर हवा, ताजे, जोमाने वाढणारे जंतू आणि वर औषध, तर वाढ थांबते का? अण्णांच्या नळीत यातलं जवळजवळ काहीच नसतं.

नळीत काय होतं? नळी आत गेल्यावर काही मिनिटांतच लघवीतली प्रथिनं आणि क्षार तिच्या पृष्ठभागावर बसतात. कोरं रबर किंवा सिलिकॉन राहतच नाही, त्यावर एक अदृश्य अस्तर चढतं आणि जंतू चिकटतो तो त्या अस्तराला. जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात आणि जास्त करून नळीच्या बाहेरच्या बाजूने, मूत्रमार्गाच्या कडेकडेने वर सरकतात. उरलेले नळीचा आणि पिशवीचा जोड उघडल्यामुळे किंवा पिशवी उचलताना लघवी उलटी गेल्यामुळे आतून शिरतात. क्लेबसिएलाला पोहता येत नाही, त्याला शेपटी नसते. पण त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात आणि त्यातला एक प्रकार निर्जीव पृष्ठभाग पकडण्यात फार तरबेज आहे. सुरुवातीची पकड सैल असते, प्रवाहाने जंतू सुटूही शकतो. टिकला, तर पेशीच्या आत सायक्लिक डाय-जीएमपी नावाच्या एका लहान रेणूचं प्रमाण वाढतं आणि त्या इशाऱ्यावर आणखी तंतू तयार होतात, बाहेर चिकट साखरेचे रेणू सोडले जातात. मेलेल्या पेशींचा डीएनए, प्रथिनं आणि लघवीतले क्षार त्या चिकट्यात अडकतात. हीच बायोफिल्म. पावसाळ्यानंतर कृष्णेच्या घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर पाय घसरतो तो थर याच घराण्यातला, फक्त तिथे शेवाळही मिसळलेलं असतं.

किती वेळात? नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू दिसू लागण्याची शक्यता रोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते आणि महिनाभराने जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. म्हणजे दीड महिन्याच्या नळीतून लघवी घेऊन कल्चर केलं तर ते बहुधा पॉझिटिव्हच येणार, ताप असो वा नसो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक प्रसंग. पलूसकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, मधुमेह आणि पक्षाघात, गोष्ट अगदी तुमच्यासारखीच. अडतिसाव्या दिवशी ताप, क्लेबसिएला, पाच दिवस अमिकासिन, ताप गेला. आठव्या दिवशी परत थंडी. या वेळी औषध ‘वरचं’ दिलं गेलं, मेरोपेनेम. पुन्हा बरे, आणि अकराव्या दिवशी पुन्हा तोच ताप. मुलगा तीन रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या चकत्या एक्स्पायर झाल्यात का?” राग आला, पण प्रश्न रास्त होता. मी चकत्या आमच्याकडच्या ठरलेल्या नमुना-जंतूवर तपासून दाखवल्या, गोल बरोबर होते.

तिसऱ्या खेपेला मेरोपेनेमच्या चौथ्या दिवशी नळी काढायचं ठरलं. काढलेली नळी निर्जंतुक डब्यात पाठवा, असं मी आधीच सांगून ठेवलं. (हे मी माझ्या समजुतीसाठी केलं. काढलेल्या नळीचं टोक कल्चरला लावून त्यावरून उपचार ठरवायचे नसतात, त्यावर जंतू सापडणारच. चांगल्या लॅब असा नमुना परत करतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा टोकांचे रिपोर्ट दिले आहेत, त्याचं आज वाईट वाटतं.) मधला दोन सेंटिमीटरचा तुकडा कापला, सलाईनने तीनदा खळबळून घेतला म्हणजे सुटे जंतू वाहून जावेत, आणि ब्लेडने उभा चिरला. नवी नळी आतून चकचकीत असते. ही मंद, दुधाळ दिसत होती, बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आतल्या बाजूसारखी. लूपने खरवडलं तर थर पावडरसारखा सुटला नाही, तार धरून वर आला. स्लाइडवर रंगवल्यावर फिकट गुलाबी चिकट्यात गडद गुलाबी दांडुक्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसले.

त्याच सकाळची लघवी वेगळी लावली होती, तिच्यात दुसऱ्या दिवशी काहीच वाढलं नाही. नळीचा थर मात्र सलाईनमध्ये जोरात हलवून सोडवला आणि लावला, तर प्लेट लाळेसारख्या ओघळणाऱ्या गुलाबी वसाहतींनी भरली, सेंटिमीटरला लाखांच्या हिशेबात. चार दिवस मेरोपेनेम अंगात असताना! मग त्याच वसाहती उचलून पुन्हा चकत्यांवर घातल्या. अमिकासिन सेन्सिटिव्ह, मेरोपेनेम सेन्सिटिव्ह, गोल जवळजवळ पहिल्याइतकेच. नळीवर असताना न मरणारा जंतू प्लेटवर आला की मरत होता. मुलाला दोन्ही प्लेटा शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा चकत्यांचा विषय मिटला.

हे काही माझं संशोधन नव्हे. १९८५ साली कॅनडातल्या एका गटाने लघवीच्या नळीच्याच तुकड्यांवर स्यूडोमोनास वाढवून हे दाखवून ठेवलं आहे. औषध होतं टोब्रामायसिन, तुमच्या अमिकासिनचं सख्खं भावंड. सुट्या जंतूंची वाढ थांबवायला ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरत होतं आणि ५० मायक्रोग्रॅममध्ये ते आठ तासांत सगळे मेले. नळीवरच्या थरातले बरेचसे मात्र १००० मायक्रोग्रॅममध्ये बारा तास राहूनही जिवंत होते. आणि त्या वाचलेल्यांना काढून परत वाढवलं, तर त्यांचा आकडा पुन्हा ०.४ च. म्हणूनच याला ‘रेझिस्टन्स’ म्हणत नाहीत. रेझिस्टंट जंतू औषध असतानाही वाढतो, त्याच्या जनुकांतच बदल झालेला असतो आणि तो पुढच्या पिढीत जातो. इथला जंतू वाढत नाही, नुसता तग धरतो. याला ‘टॉलरन्स’ म्हणतात आणि चकतीच्या चाचणीत तो दिसण्याची सोयच नाही, कारण ती चाचणी वाढ थांबली का एवढंच विचारते.

मग थरात राहिल्याने असं काय होतं? पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं, माझ्या विद्यार्थ्यांच्याही: चिकट्यातून औषध आत पोचतच नाही. हे अर्धवट खरं आहे. अमिकासिनच्या रेणूवर धन भार असतो आणि चिकट्यातल्या डीएनएवर व काही साखरांवर ऋण भार, त्यामुळे औषध वाटेत अडकतं, उशीर होतो. पण उशीर म्हणजे बंदी नव्हे. तास-दोन तास लागले तरी पाच दिवसांच्या इंजेक्शनांपुढे ते काहीच नाही. शिवाय हे औषध लघवीत रक्तापेक्षा कितीतरी जास्त साचतं, तिथे तुटवडा नसतोच.

२००० साली क्लेबसिएलावरच झालेल्या एका प्रयोगाने हा समज चांगलाच हलवला. थराच्या एका बाजूला औषध लावून ते दुसऱ्या बाजूला कधी निघतं ते मोजलं. सिप्रोफ्लॉक्सासिन सहज पार गेलं. अँपिसिलिन पार गेलं नाही, कारण तो जंतू ते मोडणारं एन्झाइम बनवतो आणि थरात जाता जाताच औषधाचा चुराडा होतो. मग त्यांनी ते एन्झाइम नसलेला क्लेबसिएला घेतला. आता अँपिसिलिनही आरपार गेलं. तरीसुद्धा थरातले जंतू मेले नाहीत! सुटे असताना तेच जंतू याच औषधाने मरत होते. म्हणजे मुख्य कारण दाराशी नाही, घराच्या आत आहे.

आत उपासमार आहे. थराच्या वरच्या भागातले जंतू येणारा ऑक्सिजन आणि अन्न आधी खातात. जाडसर थरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच ऑक्सिजन संपतो. खालचे जंतू मरत नाहीत, पण त्यांचा कारभार मंदावतो: विभाजन जवळजवळ बंद, प्रथिनं बनवणं कमी, श्वसन किमान. आणि आपली बहुतेक अँटिबायोटिक्स चालू कामातच खोडा घालतात. मेरोपेनेम, सेफ्ट्रायॅक्सोन, अँपिसिलिन ही पेशीची भिंत बांधण्याच्या कामात बिघाड करतात. बांधकामच बंद असेल तर बिघाड कशात करणार? अमिकासिनची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्याला पेशीत ओढून घेण्याची ताकद जंतूच्याच श्वसनातून येते. पडद्याच्या आतबाहेर जो विद्युतदाब तयार होतो, तोच औषधाला आत खेचतो. ऑक्सिजन नसलेल्या तळाशी तो दाब पडलेला असतो, त्यामुळे औषध जंतूच्या उंबऱ्यापर्यंत पोचतं आणि तिथेच थांबतं.

तिसरी गोष्ट मोजक्या हट्टी पेशींची. १९४४ मध्ये डब्लिनच्या जोसेफ बिगर यांना पेनिसिलिनने स्टॅफिलोकोकस मारताना दिसलं की कितीही थांबलं तरी दहा लाखांत एखादी पेशी उरतेच, आणि तिच्यापासून वाढवलेली पिढी पुन्हा पेनिसिलिनने मरते. त्यांनी या पेशींना ‘पर्सिस्टर’ नाव दिलं. ही झोपलेली पेशी सुट्या जंतूंमध्येही असते. फरक एवढाच की लघवीत सुटी राहिलेली पर्सिस्टर पेशी वाहून जाते किंवा आपल्या पांढऱ्या पेशी तिला गिळतात. नळीवरच्या थरात तिला कोणी गिळू शकत नाही आणि तिथे अशा पेशींचं प्रमाणही जास्त असतं.

ताप परत का येतो, याचा हिशेब तोंडी करता येईल. समजा, नळीवर १० कोटी जंतू आहेत आणि औषधाने त्यातले ९९.९ टक्के मारले. कागदावर हे यश भारी दिसतं. उरले १ लाख. पुन्हा १० कोटी व्हायला हजारपट व्हायचं, म्हणजे फक्त दहा वेळा दुप्पट. थरातली मंद वाढ धरून एका दुपटीला दोन-तीन तास दिले तरी औषध उतरल्यावर दिवस-सव्वा दिवसात थर पूर्ववत. बाकीचे आठ-दहा दिवस त्या थरातून तुकडे सुटून लघवीत पडण्यात आणि शरीराचा बांध फुटण्यात जातात. सुटलेले जंतू पुन्हा जोमाने वाढणारे असतात, म्हणून ताप येतो, म्हणून कल्चर पॉझिटिव्ह येतं, आणि म्हणूनच पुढचं इंजेक्शनही सुरुवातीला झकास लागू पडतं. तुम्हाला तिसऱ्या दिवशी जी सुधारणा दिसते ती खरीच असते, पण ती फक्त सुट्या जंतूंपुरती.

डोस वाढवून हे सुटेल का? हजारपट वाढवायची सोय शरीरात नाही. अमिकासिन मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकतं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तर जास्तच. पुन्हापुन्हा अर्धवट मारत राहण्याचा आणखी एक तोटा असा की दरवेळी आतड्यातले बिचारे साधे जंतू मरतात, रेझिस्टंट असलेले उरतात, आणि ते एक दिवस त्याच नळीवर चढतात. तेव्हा मात्र रिपोर्टवर खरोखरच ‘रेझिस्टंट’ येईल.

म्हणून तुमच्या डॉक्टरांशी बोलताना क्रम असा मांडा. ताप आला आणि नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल, तर जुनी नळी काढून नवी घालायची आणि कल्चरचा नमुना नव्या नळीतून घ्यायचा. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. जुन्या नळीतून घेतलेली लघवी थरातल्या जंतूंवरून वाहत आलेली असते, ती मूत्राशयात काय चाललंय ते सांगत नाही. नमुना घेतला की औषध सुरू. लवकर उतार पडला तर साधारण सात दिवस पुरतात. पलूसच्या मास्तरांचं तेच झालं. नवी नळी घातल्यावर मेरोपेनेमचे उरलेले तीन दिवस पूर्ण केले, नवं औषध काही दिलं नाही, आणि ताप परत आला नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या लघवीत पुन्हा जंतू सापडले. ताप नव्हता, पोटात दुखत नव्हतं. आम्ही काहीच केलं नाही आणि ते योग्यच होतं, कारण नव्या नळीवरही नवा थर चढणारच. लघवी गढूळ दिसली किंवा वास आला म्हणून कल्चर करू नका. पॉझिटिव्ह येईल, कोणीतरी औषध लिहील आणि चक्र पुन्हा सुरू होईल.

त्याहून मोठा प्रश्न नळी हवीच का हा आहे. पक्षाघाताच्या पहिल्या आठवड्यांत घातलेली नळी सोय म्हणून तशीच राहते, असं फार वेळा दिसतं. मास्तरांची नळी पुढे काढून बघितली आणि त्यांना स्वतःहून लघवी होऊ लागली. पृष्ठभागच नसेल तर थर कशावर चढणार? अण्णांना पूर्ण लघवी होत नसेल तर दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून काढण्याचा मार्ग असतो, किंवा पुरुषांसाठी बाहेरून लावायची कंडोम नळी. कोणता जमेल हे मूत्रविकारतज्ज्ञ तपासून ठरवतील. घरी नळी ओढण्याचा प्रयोग कृपा करून करू नका, आतला फुगा फुगलेला असतो.

नळी बदलूनही ताप परत आला तर थर दुसरीकडे आहे असं समजायचं. मूत्राशयातला किंवा मूत्रपिंडातला खडा आणि पुरुषांत प्रोस्टेट या दोन जागा आधी बघायच्या, सोनोग्राफीपासून सुरुवात. तुमची नळी दर काही दिवसांनी तुंबत असेल, तर कल्चरमध्ये प्रोटियस आहे का बघा. तो लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि थरातच खडे धरतात. अशी नळी चिरली की ब्लेडखाली वाळूसारखं करकरतं.

आपल्याकडे हळदीचं गाव आहे, तेव्हा हळदीबद्दल विचारणार हे माहीत आहे. काचेच्या नळीत करक्युमिन बायोफिल्मला त्रास देतं, असे प्रयोग आहेत. पण पोटातून ते रक्तात फार थोडं जातं, लघवीच्या नळीपर्यंत परिणामकारक मात्रा पोचेल अशी आशा धरू नका. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल द्या. नळीतून अँटिबायोटिकचं पाणी सोडून मूत्राशय धुण्याचा सल्ला कोणी दिला तर मात्र नको म्हणा. थर जात नाही, आणि जोड उघडल्याने नवे जंतू आत जातात.

पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीपासून वर ठेवा, कॉटवरून खुर्चीवर हलवतानासुद्धा. आणि पुढचा नमुना द्याल तेव्हा तो पिशवीच्या तोटीतून भरून आणू नका, तिथली लघवी तासन् तास साचलेली असते. नळीवर नमुन्यासाठी जागा असते, ती स्पिरिटने पुसून सिरिंजने घ्यायला सांगा आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. तासगावहून एसटीने पाठवणार असाल तर बर्फाच्या डब्यात. थंडी वाजून तापाबरोबर अण्णा गुंगीत जाऊ लागले, बरळू लागले किंवा लघवी कमी झाली, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, रात्र असली तरी दवाखान्यात हलवा.